महिन्याअखेरच्या नऊ रेघा

मैत्रिणींनो,



या अंकाचं संपादकीय लिहायला बसलो तेव्हा टेबलावर एक वही होती. शिरूर कासार तालुक्यातल्या एका मैत्रिणीची, दोनशे पानी, शाळकरी. तिच्या पोरीची वर्षाअखेरीस अर्धी उरलेली वही तिनं उलट्या बाजूनं वापरायला काढली होती. त्यातलं एक पान छापायला तिनं परवानगी दिली. तिच्या अटी दोन. नाव आणि गाव छापायचं नाही, आणि ‘शुद्ध करून’ छापायचं नाही. दोन्ही पाळतो आहोत.

ती तेहतीस वर्षांची आहे. सातवीपर्यंत शिकली, लग्नानंतर बारा-तेरा वर्षं नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली. दोन वर्षांपूर्वी एका खाजगी दवाखान्यात तिची पिशवी काढली. यंदा दसऱ्यानंतर टोळी निघाली तेव्हा कंबर धरली म्हणून ती घरी राहिली. नवरा एकटाच गेला, म्हणजे अर्धा कोयता. उचल मात्र पूर्ण कोयत्याची घेतलेली. घरी ती, सासू आणि दोन लेकरं.

हे पान जानेवारीच्या शेवटच्या दिवसाचं आहे.

३१ जानेवारी

आज महिना संपला. ताई म्हणल्या होत्या, बरं वाटलं का वाईट वाटलं ते लिहू नको, काय केलं तेवढंच लिही. म्हणून तेवढंच लिहिते.

अर्ध्या महिन्याची पानं कोरी आहेत. २ तारखेला एकच ओळ आहे, ‘नको वाटतंय सगळं’. मग १९ पर्यंत काही नाही. त्या दिवसांत मी नुसती पडून होते. आंघोळ चार-पाच दिवसांनी. भाकरी आत्यांनी थापल्या. पोरगी आपली वेणी आपणच घालून शाळेत जायची, भांग वाकडा. दिसायचं मला, पण हात उचलंना. शेजारची म्हणली, बाहेरचं काही लागलं असंल, देवाला नेऊन आणा. आत्या म्हणल्या, कामाचा कंटाळा लागलाय. मला वाटलं, दोन्ही खरंच असंल.

१९ ला ताई आल्या. २० पासून रेघा मारल्या. आज मोजते.

एक. २० ला ही वही काढली आणि तारीख घातली.

दोन. २१ ला नळाला पाणी आलं तेव्हा दोन घागरी आणल्या. एरवी सहा आणते. ताई म्हणल्या होत्या, दोनच आण आणि थांब. थांबले.

तीन. २२ ला डोकं धुतलं. ऊन होतं, केस वाळंपर्यंत बाहेर बसले.

चार. २३, २४ आणि २६ ला पोरीची वेणी घातली. २६ ला झेंडावंदन होतं, लाल रिबिनी बांधल्या.

पाच. २५ ला गटाच्या बैठकीला गेले. काही बोलले नाही. अर्ध्यातून उठून आले. पण गेले.

सहा. २७ ला चार भाकरी केल्या. एक करपली. तीन चांगल्या झाल्या.

सात. २३ पासून रात्रीचं लिहिलं. अंगातून वाफ निघाल्यावाणी होतं, घाम येतो, मग झोप लागत नाही. आठ रात्रींतून सहा रात्री झालं. आधी वाटायचं रोजच होतं.

आठ. २९ ला पेटी उपसली आणि ऑपरेशनचा कागद शोधला. लग्नाच्या साडीखाली होता. इंग्रजीत आहे. ताईंना दाखवायचा.

नऊ. ३० ला ह्यांचा फोन आला. मुकादम म्हणतोय फेब्रुवारीत बाईला आणून घाल, नाहीतर उचल फिटायची नाही. मी म्हणलं, मी येणार नाही, कंबर उचलत नाही. ते काही बोलले नाहीत. मीच फोन ठेवला. हात कापत होता, पण ठेवला.

झालं नाही ते पण लिहिते. रेशनचं काम झालं नाही. २८ ला दिवसभर उठले नाही. आत्यांवर ओरडले. उचलीचं काय होणार ते माहीत नाही.

नऊ झाल्या. मागं वळून बघितलं तर मला वाटलं होतं एकपण नसंल.

पान इथं संपतं. या पानाबद्दल आम्हाला जे म्हणायचं आहे ते थोडं सविस्तर म्हणतो, कारण गटागटांतून ‘रोज तीन चांगल्या गोष्टी लिहा’ असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो, आणि या मैत्रिणीनं केलं ते तसं दिसलं तरी तसं नाही.

बाईला मिळालेलं मोजायला शिकवणं आपल्याकडे जुनंच आहे. पदरी पडलं आणि पवित्र झालं. नवरा पीत नाही हे मोज, सासू उपाशी ठेवत नाही हे मोज, लेकरं धडधाकट आहेत हे मोज. या मोजणीत बाई घेणारी असते आणि देणारे दुसरेच असतात. हिशेब संपतो तेव्हा तिच्या अंगावर उपकारांचं ओझं वाढलेलं असतं, आणि एवढं सगळं असूनही उदास वाटतं म्हणजे आपणच कृतघ्न, असा दोष वर बसतो. खचलेल्या बाईला हा दोष फार जड जातो.

या वहीतल्या नऊ ओळींची क्रियापदं बघा. काढली, आणल्या, थांबले, धुतलं, घातली, गेले, लिहिलं, शोधला, ठेवला. प्रत्येकीचा कर्ता ती स्वतः आहे. तिनं मिळालेलं मोजलं नाही, केलेलं मोजलं. पद्धतीचं सगळं मर्म एवढ्यात आहे.

असं मोजल्यानं काय होतं ते नीट समजून घेऊ. माणूस खचतो तेव्हा काम सुटतं, माणसं सुटतात, बाहेर जाणं सुटतं. हे सुटलं की ज्यातून दिवसभरात थोडं बरं वाटायचं ते सगळे झरेच आटतात, म्हणून आणखी खचायला होतं, आणखी सुटतं. आपण अशा वेळी म्हणतो, ‘मन लागलं की उठेल.’ पण या अवस्थेत मन आधी लागत नाही. आधी थोडं उठावं लागतं, मन मागाहून येतं, आणि तेही कधी आठवड्यानं. त्यामुळे काम इतकं लहान करावं लागतं की ते मनाशिवायही होईल. दुसरी अडचण आठवणीची. उदास मनाला केलेलं आठवत नाही, राहिलेलं तेवढं आठवतं. ‘मला वाटलं होतं एकपण नसंल’ हे तिचं वाक्य त्याचीच साक्ष आहे. तिची आठवण शून्य सांगत होती, कागद नऊ सांगत होता. ‘रोजच घाम येतो’ असं तिला वाटत होतं, कागद आठातून सहा म्हणत होता. कागद खोटं धीर देत नाही, आणि खोटं भीतीही दाखवत नाही.

ही आमची कल्पना नाही. आपल्या शेजारी गोव्यात ‘संगत’ या संस्थेनं दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये हीच पद्धत रीतसर तपासून पाहिली. तीव्र नैराश्य असलेले ४९५ जण त्यात होते, बहुसंख्य स्त्रिया. एका गटाला नेहमीचे उपचार दिले. दुसऱ्या गटाला त्याशिवाय सहा ते आठ बैठकांचा सल्ला दिला, आणि तो दिला मानसोपचाराचं कसलंही शिक्षण नसलेल्या, पण प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेल्या स्थानिक माणसांनी. सल्ल्याचा गाभा हाच होता: काय सुटलं ते शोधायचं, त्यातलं लहानसं पुन्हा धरायचं, दिवस ठरवायचा, झालं की नोंदवायचं, अडलं तर अडचण सोडवायची. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारांच्या गटात शंभरातले ३९ जण नैराश्यातून बाहेर आले होते, सल्ला मिळालेल्या गटात ६४. आपल्या दृष्टीनं महत्त्वाची आणखी एक गोष्ट त्यात होती. सल्ला मिळालेल्या गटातल्या स्त्रियांनी नवऱ्याकडून मारहाण झाल्याचं दुसऱ्या गटातल्या स्त्रियांपेक्षा कमी सांगितलं. का, याबद्दल आपण घाईनं काही म्हणू नये. पण बाईच्या उदासीचा आणि तिच्यावरच्या हिंसेचा विचार वेगवेगळ्या कप्प्यांत करता येत नाही, एवढं त्यातून दिसतं.

आता आपल्या कार्यकर्तीनं १९ तारखेला नेमकं काय केलं ते सांगतो, म्हणजे इतर गटांना उपयोग होईल. ती तासभर बसली. समजूत घातली नाही, ‘तू किती धीराची’ वगैरे म्हटलं नाही. तिनं विचारलं, ‘दिवाळीच्या सुमारास तू दिवसभरात काय काय करायचीस?’ मैत्रिणीनं सांगितलं ते तिनं लिहून काढलं. मग विचारलं, ‘यातलं सगळ्यात हलकं कोणतं?’ पाणी, असं उत्तर आलं. ‘किती घागरी?’ सहा. ‘मग परवा दोन आण. तिसरी आणावीशी वाटली तरी थांब.’

हे थांबणं महत्त्वाचं आहे. पहिल्या दिवशी जोर करून सहा घागरी आणल्या की दुसरा दिवस अंथरुणात जातो, आणि ‘बघ, नाहीच जमत’ हे पक्कं होतं. ठरवलेलं पुरं झालं की रेघ, मग ते कितीही थोडं असो. ठरवलेलं झालं नाही तर रेघ नाही, पण फुलीही नाही. दुसऱ्या दिवशी तेच काम अर्धं करून ठरवायचं. काम ठरवताना दिवस आणि वेळ दोन्ही ठरवायच्या, कारण ‘जमेल तेव्हा’ म्हटलेलं खचलेल्या माणसाला जमत नाही. आणि आठवड्यानं कुणीतरी येऊन ती वही तिच्याबरोबर वाचायला हवी. एकटीनं लिहिलेली वही दहा-बारा दिवसांत बंद पडते, असा आमचा अनुभव आहे.

यात चुकतं कुठे? आम्हाला सगळ्यात मोठा धोका वेगळाच दिसतो. बाईच्या रेघा बहुतेक वेळा घरकामाच्या होतात. पाणी आणलं, भाकरी केल्या, भांडी घासली. घरालाही हेच हवं असतं. चूल पेटली की घर म्हणतं, झाली बरी. मग वही म्हणजे बाईला पुन्हा कामाला जुंपायचं साधन होऊन बसते, आणि ते आपल्याच हातून. म्हणून आमच्या कार्यकर्त्या आता रेघा दोन रांगांत मांडतात: घरासाठी केलेलं आणि स्वतःसाठी केलेलं. या मैत्रिणीच्या नऊ रेघा तशा मांडून बघा. पाणी, वेणी, भाकरी या तीन घराच्या. त्यातही वेणी नुसती घराची म्हणता येत नाही, लाल रिबिनी बांधताना तिला काय वाटलं ते तिलाच ठाऊक. वही, डोकं धुणं, बैठक, रात्रीची नोंद, कागद शोधणं या पाच तिच्या स्वतःच्या. आणि नववी, ‘मी येणार नाही’. ती कुठल्याच रांगेत बसत नाही. नाही म्हणणं हेही केलेलं काम आहे, आणि त्या महिन्यातलं सगळ्यात जड काम तेच होतं. एखाद्या वहीत आठवड्याअखेरीस सगळ्या रेघा घराच्याच दिसल्या, तर ती बाई बरी होते आहे असं समजू नका. पुढच्या आठवड्यात एक तरी काम तिचं स्वतःचं ठरवा.

आता सातव्या आणि आठव्या रेघेकडे येऊ. या वहीची खरी किंमत तिथं कळली.

अंगातून गरम वाफा, घाम, तुटलेली झोप, आणि हे सगळं तेहतिसाव्या वर्षी. कार्यकर्तीनं वही वाचली आणि विचारलं, ‘हे कधीपासून?’ ऑपरेशननंतर महिन्याभरात सुरू झालं, असं उत्तर आलं. ‘दवाखान्यात काय काय काढलं?’ ‘पिशवी.’ तेवढंच तिला माहीत होतं. फेब्रुवारीत दोघी बीडच्या सरकारी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी साडीखालचा तो कागद वाचला. त्यावर टी. ए. एच. या अक्षरांपुढे बी. एस. ओ. अशी तीन अक्षरं होती. पहिल्यांचा अर्थ पोटावर छेद घेऊन गर्भाशय काढलं. दुसऱ्यांचा अर्थ दोन्ही बाजूंचे स्त्रीबीजकोश नळ्यांसकट काढले. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

फरक मोठा आहे, आणि प्रत्येक गटात तो समजावून सांगायला हवा. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण स्त्रीबीजकोश जागेवर असल्यानं शरीरातले स्त्री-संप्रेरक रस बहुतेक वेळा चालू राहतात. दोन्ही बीजकोश काढले तर ते एका दिवसात तुटतात. एरवी पंचेचाळिशी-पन्नाशीत हळूहळू येणारी रजोनिवृत्ती तिशीत एकदम येऊन पडते. गरम वाफा, रात्रीचा घाम, निद्रानाश, चिडचिड, उदासी, आणि पुढे हाडं ठिसूळ होणं. वयाच्या मानानं फार लवकर असं झालेल्या बाईला ते रस औषधाच्या रूपानं, साधारण नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत, देता येतात. ते कुणाला द्यायचे, कुणाला नाही, हे रक्तदाब, छातीची तपासणी, आधीचे आजार बघून डॉक्टरच ठरवतात. पण विचारायला तर हवं, आणि विचारायचं तर आपलं काय काढलं ते माहीत हवं. डॉक्टरांनी तिचं रक्तही तपासलं, पांडुरोग आणि थायरॉइडसाठी, कारण हे दोन्ही आजार अंगावर असेच गळून गेल्यासारखे दिसतात आणि दोन्हींवर साधे उपचार आहेत.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयांचा प्रश्न २०१९ साली देशभर गाजला. राज्य सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे शंभरात सोळा-सतरा. देशाच्या पाहणीत हा आकडा शंभरात तीनच्या आसपास असतो. पाळीचे चार दिवस म्हणजे खाडा, खाड्याचा दंड, फडावर ना आडोसा ना पाणी, आणि अंगावरून जाण्याची तक्रार घेऊन गेलं की ‘कॅन्सर होईल’ ही भीती. या सगळ्याची चर्चा तेव्हा झाली. ऑपरेशननंतरच्या वर्षांची चर्चा मात्र फार थोडी झाली. त्या हजारो जणींपैकी किती जणींचे बीजकोशही गेले, आणि आज त्यांतल्या किती जणींना घर आळशी म्हणतं, शेजार बाधा झाली म्हणतो, हे आपल्याला गावोगाव विचारावं लागणार आहे.

आपल्या या मैत्रिणीची उदासी नुसत्या त्या ऑपरेशननं आली असं मात्र म्हणता येणार नाही. नवरा दूर, उचल अंगावर, कंबर मोडलेली, ऑपरेशनसाठी घेतलेलं कर्ज वेगळं. या सगळ्यांचा वाटा आहे. पण ती स्वतः काय समजत होती? ‘दोन्ही खरंच असंल,’ आळस आणि बाधा. आठ रात्रींच्या नोंदीनं त्या दोन्हींच्या जागी तिसरं, खरं कारण उभं केलं. तोंडानं ‘मला बरं वाटत नाही’ म्हटलं असतं तर ताकदीच्या गोळ्या देऊन परत पाठवलं असतं. तारखेवार लिहिलेलं डॉक्टरांनाही बाजूला सारता आलं नाही.

आता मर्यादा. त्या लपवून ठेवणं धोक्याचं आहे.

वहीनं उचल फिटत नाही. मुकादमाचा तगादा नवऱ्यावर चालू आहे, आणि तिचं ‘नाही’ टिकतं का ते हंगाम संपल्यावरच कळेल. गटानं डॉक्टरांची चिठ्ठी नवऱ्यामार्फत मुकादमाला दाखवली, एवढंच आजवर करता आलं. हा प्रश्न एका बाईच्या हिमतीचा नाही, उचलीच्या पद्धतीचा आहे. तो सोडवायचं काम एकटीच्या वहीवर टाकणं म्हणजे आपण आपली जबाबदारी झटकणं होईल.

आणि प्रत्येक उदासी वहीला जुमानतही नाही. दोन आठवडे कुणी येऊन वही वाचते आहे, काम अर्धं-पाव करून ठरवते आहे, तरी एकही रेघ वाढत नाही, खाणं आणि झोप तुटलेलीच आहे, तर तिला डॉक्टरांकडे न्या. औषधांची लाज नाही. त्याहून महत्त्वाचं, ‘नको वाटतंय सगळं’ अशी ओळ दिसली तर पान उलटू नका. सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. विचारलं की बाई बहुधा मोकळी होते. आपल्या कार्यकर्तीनं १९ तारखेला हे विचारलं होतं. उत्तर आलं, ‘मरावंसं वाटतं, पण करणार काही नाही.’ तरीही तिनं घरातलं फवारणीचं औषध कुठं ठेवलंय ते विचारलं, आणि सासूबाईंना सांगून ते कुलपात ठेववलं, किल्ली सासूबाईंकडे. आपल्या भागात हे एक काम जीव वाचवतं. कारण तो क्षण बहुधा टळणारा असतो, आणि हाताशी विष नसलं तर तो टळतो. उत्तर ‘हो, ठरवलंय’ असं आलं असतं तर तिला एक मिनिटही एकटं न ठेवता त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं होतं. सरकारची टेली-मानस ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री कधीही फोन करता येतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. बैठकीच्या खोलीत हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

फेब्रुवारी-मार्चची पानंही तिनं आम्हाला वाचायला दिली. डॉक्टरांनी औषध सुरू केलं. मार्चमधल्या सलग आठ रात्रींतून घामाच्या रात्री दोन आहेत. कोरी पानं अजूनही मधे मधे आहेत, एकदा सलग चार. पण कोऱ्या पानांनंतरच्या पहिल्या पानावर आता ती फक्त तारीख घालते, एक रेघ मारते आणि पुढे जाते. गेल्या आठवड्याच्या बैठकीत ती शेवटपर्यंत बसली. उठता उठता तिनं शेजारच्या दोघींना विचारलं, ‘तुमचा कागद कुठं आहे?’

एकीचा कागद पावसात गेला होता. दुसरीला तो कधी दिलाच नव्हता. दवाखान्याकडून आपल्या उपचारांची कागदपत्रं मागून घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. पुढच्या महिन्यात त्या दोघी मागायला जाणार आहेत, आणि ही मैत्रीण त्यांच्याबरोबर जाणार आहे.

तुमच्या गटात पिशवी काढलेल्या किती जणी आहेत, त्यांतल्या किती जणींकडे कागद आहे, आणि त्यावर ती तीन अक्षरं किती जणींच्या आहेत, एवढं बघून आम्हाला जरूर कळवा. नावं नकोत. पुढच्या अंकात सगळ्यांचं एकत्र मांडू.

तुमच्या,
संपादक मंडळ